तक्ता एकच, उत्तरं चार: १० व्या मिनिटाला पाणी नेमकं किती वेगानं थंड होतंय?

दर वर्षी प्रॅक्टिकलच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे येतोच. न्यूटनच्या शीतकरण नियमाचा प्रयोग झालेला असतो, रीडिंग जर्नलमध्ये उतरवलेली असतात आणि मग ‘१० व्या मिनिटाला dT/dt काढा’ इथं गाडी अडते. यंदा एका टेबलावरच्या चौघांनी एकाच तक्त्यावरून चार वेगवेगळी उत्तरं आणली: मिनिटाला १.०, १.१, १.२ आणि १.३ अंश. चौघांची वजाबाकी बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. तरीही ‘सर, यातलं खरं कुठलं?’ या प्रश्नाला माझ्याकडे एका ओळीचं उत्तर नव्हतं. ते नीट सांगायचं म्हणून हे लिहितोय.

प्रयोग नेहमीचाच. तांब्याच्या कॅलरीमीटरमध्ये गरम पाणी, वर झाकण, झाकणातून थर्मामीटर आणि ढवळणी, खोलीचं तापमान २८ अंश. थर्मामीटरवर एकेका अंशाच्या खुणा आहेत, आणि दोन खुणांच्या मधोमध पारा असेल तर मुलं अर्धा अंश लिहितात. दर ५ मिनिटांची रीडिंग अशी:

| वेळ (मिनिटं) | तापमान (°से) |
|---|---|
| ० | ८०.० |
| ५ | ७३.० |
| १० | ६६.५ |
| १५ | ६१.० |
| २० | ५६.५ |
| २५ | ५२.५ |
| ३० | ४९.० |
| ३५ | ४६.० |
| ४० | ४३.५ |

पहिल्या १६ मिनिटांत त्यांनी दर मिनिटालाही रीडिंग घेतलं होतं. ते पुढे लागेल.

चार उत्तरं आली कुठून?

पहिल्यानं १० व्या मिनिटाचं रीडिंग आणि ११ व्याचं रीडिंग घेतलं: ६६.५ वरून ६५.५, म्हणजे मिनिटात १.० अंश. दुसरीनं १० ते १५ घेतलं: ५ मिनिटांत ५.५ अंश, म्हणजे १.१. तिसऱ्यानं मागे बघितलं, ५ ते १०: ६.५ अंश भागिले ५, म्हणजे १.३. चौथीनं १० चं रीडिंग सोडूनच दिलं आणि ५ व १५ ही दोन टोकं घेतली: १२ अंश भागिले १०, म्हणजे १.२.

आधी दुसरी आणि तिसरा यांचं बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे. पाणी सुरुवातीला भराभर थंड होतं आणि मग मंदावतं. त्यामुळे ५ ते १० या पाच मिनिटांतला वेग ५ व्या मिनिटाला जास्त होता आणि १० व्या मिनिटाला कमी. १.३ ही त्या पाच मिनिटांची सरासरी. सरासरी वेग ज्या क्षणी खरोखर होता तो क्षण १० वं मिनिट नाही, तो त्या अवधीच्या साधारण मध्यावर आहे, म्हणजे साडेसाताव्या मिनिटाला. तसाच १.१ हा वेग १० ते १५ च्या मध्यावरचा, साडेबाराव्या मिनिटाचा. दोघांची उत्तरं खरीच आहेत, फक्त ती दुसऱ्या वेळेची आहेत. साडेसातला १.३ आणि साडेबाराला १.१ असेल, तर त्यांच्या बरोबर मधल्या १० व्या मिनिटाला १.२ यायला हवा. चौथीचं उत्तर तेच आहे.

म्हणून मी मुलांना एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायला सांगतो: दोन रीडिंगमधल्या फरकावरून निघालेला दर हा त्या दोन वेळांच्या मध्याचा असतो. आलेख परवलयाचा असता तर हे अगदी तंतोतंत खरं ठरलं असतं. परवलयाच्या जीवेचा चढ हा मधल्या बिंदूवरच्या स्पर्शिकेच्या चढाइतकाच असतो. थंड होण्याचा आलेख परवलय नाही, पण पाच-दहा मिनिटांचा तुकडा घेतला तर तो परवलयापासून फार दूरही जात नाही.

यावरून एक खूण मिळते. तुमचे सगळे दर आलेखावरच्या स्पर्शिकेपेक्षा सातत्यानं कमी येत असतील, तर तुम्ही पुढचा फरक घेऊन तो सुरुवातीच्या वेळेसमोर लिहिताय. सातत्यानं जास्त येत असतील, तर मागचा फरक घेताय. चूक एकाच दिशेची असली की रीडिंगवर संशय घेण्याआधी दर कुठल्या ओळीत लिहिलाय ते बघा. बहुतेक वेळा रकाना अर्ध्या घरानं सरकलेला असतो.

स्प्रेडशीटमध्ये वेळ A रकान्यात, तापमान B मध्ये आणि पहिली ओळ मथळ्याची असेल, तर १० वं मिनिट चौथ्या ओळीत येतं. त्या ओळीत हे लिहायचं:

```
=(B5-B3)/(A5-A3)
```

उत्तर −१.२ येईल. उणे चिन्ह खोडू नका. dT/dt उणेच आहे, कारण तापमान उतरतंय. ‘थंड होण्याचा दर’ असं लिहिलंत तर १.२ धन लिहा. जर्नलमध्ये एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरं, असं मात्र नको. सोयीसाठी इथून पुढे मी थंड होण्याचा दरच लिहितो, म्हणजे सगळे आकडे धन.

मग मिनिटा-मिनिटाची रीडिंग असताना ती का वापरायची नाहीत?

हा प्रश्न हुशार मुलंच विचारतात, आणि तो रास्त आहे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे अवकलज, आणि त्याची व्याख्याच सांगते की अवधी शून्याकडे न्या. मग ५ मिनिटांपेक्षा १ मिनिटाचा फरक जास्त बरोबर असायला नको का?

१० व्या मिनिटाच्या आसपासची रीडिंग बघा:

| वेळ | ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ | १२ | १३ | १४ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| तापमान | ७१.५ | ७०.० | ६९.० | ६७.५ | ६६.५ | ६५.५ | ६४.५ | ६३.० | ६२.० |

आता लागोपाठच्या दोन-दोन रीडिंगची वजाबाकी करा: १.५, १.०, १.५, १.०, १.०, १.०, १.५, १.०. पाणी काही असं दचकत-दचकत थंड होत नाही. या आकड्यांत १.० आणि १.५ यांच्याशिवाय तिसरा आकडाच नाही, आणि तो येणारही नाही, कारण आपण तापमान अर्ध्या अंशाच्या पायऱ्यांवरच लिहितोय. खरा वेग १.२ च्या आसपास असेल तर तो कधी एका पायरीवर पडतो, कधी दुसऱ्या. तक्त्यात दिसतेय ती आपल्या लिहिण्यातली अर्ध्या अंशाची पायरी, पाण्याचा वेग नव्हे.

हे आकड्यांत मांडू. अर्ध्या अंशापर्यंत लिहिलेल्या प्रत्येक रीडिंगमध्ये पाव अंशापर्यंत चूक असू शकते, इकडे किंवा तिकडे. दोन रीडिंग वजा केली की वाईटात वाईट अर्धा अंश चूक. हा अर्धा अंश किती मिनिटांनी भागला जातो यावर सगळं अवलंबून आहे. एका मिनिटानं भागलात तर दरात ०.५ ची चूक शक्य आहे. १ च्या आसपासच्या दरात ०.५ म्हणजे उत्तर निम्म्यानं चुकलं. १० च्या दोन्ही बाजूंना एकेक मिनिट, म्हणजे ९ आणि ११ घेतलंत तर २ मिनिटांनी भागलं, चूक ०.२५ पर्यंत. दोन्ही बाजूंना ५ मिनिटं घेतलीत तर १० नं भागलं, आणि चूक ०.०५ वर आली.

त्याच रीडिंगवरून, १० हे मधोमध ठेवून, अवधी वाढवत नेला की काय होतं ते बघा. ९ ते ११ घेतलं तर दर १.०. ८ ते १२ घेतलं तर ४.५ भागिले ४, साधारण १.१३. ७ ते १३ घेतलं तर ७ भागिले ६, १.१७. ६ ते १४ घेतलं तर १.१९. ५ ते १५ घेतलं तर १.२. आकडा सुरुवातीला उडी मारतो आणि मग स्थिरावत जातो. तो स्थिरावतो तिथं थांबायचं.

मग अवधी वाढवतच का न्यायचा नाही? कारण दुसरी चूक वाढायला लागते. अवधी मोठा झाला की त्या तुकड्यातला आलेखाचा वाक परवलयासारखा राहत नाही आणि मध्याचा नियम सैल पडतो. आपल्या तक्त्यात दोन्ही बाजूंना १०-१० मिनिटं, म्हणजे ० ते २०, घेतली तर २३.५ भागिले २०, १.१७५ येतं. १.२ शी तुलना केली तर फरक ०.०२५, म्हणजे रीडिंगच्या चुकीत बसणारा. म्हणून इथं ५ मिनिटंही चालतात आणि १० ही चालतात. अवधी दुप्पट करूनही उत्तर रीडिंगच्या चुकीइतकंच हललं, तर आधीचा अवधी सुरक्षित होता असं समजा. त्याहून जास्त हललं, तर वाकाचा परिणाम शिरलाय. छोट्या अवधीकडे परत या. मधल्या फरकात, म्हणजे हवी ती वेळ मधोमध ठेवून दोन्ही बाजूंची रीडिंग वजा केली की, ही वाकाची चूक अवधी दुप्पट केल्यावर चौपट होते, त्यामुळे ती शिरली की लगेच दिसते. एका बाजूच्या फरकात ती फक्त दुप्पट होते, पण मुळात मोठी असते.

आणि उत्तर लिहिताना १.१८७५ असं चार दशांश स्थळांपर्यंत लिहू नका. कॅल्क्युलेटरनं आकडे दिले म्हणून ते मोजले गेले असं होत नाही. चूक ०.०५ पर्यंत असताना १.२ इतकंच लिहायचं. सेकंदात हवं असेल तर ६० नं भागा: सेकंदाला ०.०२ अंश.

मधलं एक रीडिंग राहिलं असेल तर

दुसऱ्या एका टेबलावर २५ व्या मिनिटाचं रीडिंगच राहून गेलं होतं. ढवळणारा आणि लिहिणारा दोघंही बोलत बसले. बाकी तक्ता तोच. त्यांना २० व्या मिनिटाचा दर हवा होता. शेजारी होते १५ (६१.०) आणि ३० (४९.०). त्यांनी नेहमीसारखंच केलं: १२ भागिले १५, दर ०.८.

हा आकडा २० चा नाही. १५ आणि ३० यांचा मध्य साडेबावीस आहे, म्हणून हा साडेबाविसाव्या मिनिटाचा दर झाला. २० हे त्या दोघांच्या मधोमध बसतच नाही.

इथंही तोच मध्याचा नियम कामाला येतो. १५ ते २० मधला दर ४.५ भागिले ५, म्हणजे ०.९, आणि तो साडेसतराव्या मिनिटाचा. २० ते ३० मधला दर ७.५ भागिले १०, म्हणजे ०.७५, आणि तो २५ व्या मिनिटाचा. आता आपल्याला २० हवंय. साडेसतरापासून २५ पर्यंत साडेसात मिनिटं आहेत. त्यातली अडीच मिनिटं, म्हणजे एक तृतीयांश अंतर गेलं की २० येतं. ०.९ पासून ०.७५ पर्यंत ०.१५ ची उतरण आहे, तिचा एक तृतीयांश ०.०५. म्हणून २० व्या मिनिटाचा दर ०.८५.

दोन्ही दरांची नुसती सरासरी घेतली असती तर ०.८२५ आलं असतं. तेही चूकच, कारण २० हे साडेसतराच्या जास्त जवळ आहे. २५ चं रीडिंग हाताशी असलेल्या पहिल्या टेबलाचा २० व्या मिनिटाचा दर किती येतो? ६१.० उणे ५२.५, भागिले १०: ०.८५. तोच.

स्प्रेडशीटमध्ये हे एकदाच लिहून ठेवलं की समान अवधीलाही चालतं आणि असमानालाही. दर हवा असलेली ओळ चौथी आहे असं धरून:

```
=((A5-A4)*(B4-B3)/(A4-A3)+(A4-A3)*(B5-B4)/(A5-A4))/(A5-A3)
```

यात डावीकडच्या दराला उजवीकडचा अवधी गुणलाय आणि उजवीकडच्या दराला डावीकडचा. सूत्र उलटं लिहिलंय असं वाटतं, पण तसं नाही. जो अवधी लहान त्याचा मध्य आपल्या वेळेच्या जास्त जवळ, म्हणून त्याच्या दराला वजन जास्त.

दोन दर चुकलेत, पण ज्या रीडिंगवर बोट ठेवायचं ते त्यांच्यामध्ये दडलंय

ही तक्रार जरा फसवी असते. एकीच्या जर्नलमध्ये १० व्या, १५ व्या आणि २० व्या मिनिटाचे दर १.०, १.० आणि १.०५ असे आले होते. दर कमी-कमी होत जायला हवा, इथं तो थांबला आणि शेवटी वाढला. ती १० ची आणि २० ची रीडिंग पुन्हा-पुन्हा तपासत होती, कारण तिथले दर चुकीचे दिसत होते. दोन्ही रीडिंग ठीक होती.

१० चा दर काढताना मधल्या फरकाच्या पद्धतीत १० चं रीडिंग आपण वापरतच नाही. आपण ५ आणि १५ वापरतो. २० चा दर काढताना १५ आणि २५ वापरतो. दोन्हीकडे सामायिक काय, तर १५. तिनं १५ ला ६१ ऐवजी ६३ लिहिलं होतं. त्यामुळे १० चा दर १.२ चा १.० झाला, २० चा ०.८५ चा १.०५ झाला, आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या १५ चा स्वतःचा दर मात्र १.० इतका बरोबर राहिला. एक चुकीचं रीडिंग स्वतः नामानिराळं राहून दोन्ही शेजाऱ्यांना बिघडवतं, एकाला एका दिशेनं आणि दुसऱ्याला उलट दिशेनं.

म्हणून दर काढण्याआधी नुसत्या वजाबाक्यांचा एक रकाना करा. बरोबर तक्त्यात तो असा येतो: ७, ६.५, ५.५, ४.५, ४, ३.५, ३, २.५. हळूहळू उतरणारा, कुठंही उलटा न चढणारा. तिच्या तक्त्यात आला: ७, ६.५, ३.५, ६.५, ४. लागोपाठचे दोन आकडे, एक फार लहान आणि दुसरा फार मोठा, असे दिसले की त्यांच्यामधलं रीडिंग चुकलेलं. रीडिंग परत घेता येत नाही, पाणी तोवर थंड झालेलं असतं. तेव्हा ते रीडिंग खोडून जागा रिकामी ठेवा आणि वरच्या असमान अवधीच्या रीतीनं पुढे जा. आकडा ‘सुधारून’ ६१ लिहायचा नाही. तुम्ही तो पाहिलेला नाही.

दर एकाआड एक कमी-जास्त येतोय

हा दोष अर्ध्या मिनिटाची रीडिंग घेणाऱ्यांच्यात हमखास दिसतो. अर्ध्या मिनिटाला अर्धा अंश उतरतोय, म्हणजे दर सरळ १.० यायला हवा. तक्त्यात मात्र ०.७१, १.६७, ०.७१, १.६७ असं येतं.

थर्मामीटर निर्दोष आहे; घोळ वेळेच्या रकान्यात आहे. स्टॉपवॉचवर ९ मिनिटं ३० सेकंद दिसले की मुलं ९.३० लिहितात, आणि पुढे तो आकडा दशांश समजून वजाबाकी होते. १०.०० उणे ९.३० म्हणजे ०.७०, १०.३० उणे १०.०० म्हणजे ०.३०. खरे दोन्ही अवधी ०.५ चे. अर्धा अंश एकदा ०.७ नं भागला गेला आणि एकदा ०.३ नं. ९ मिनिटं ३० सेकंद म्हणजे ९.५ मिनिटं, हे लिहितानाच बदलून घ्या, नाहीतर सगळं सेकंदांतच लिहा.

स्प्रेडशीटमध्ये `9:30` असं टाकलंत तर तो सकाळचे साडेनऊ समजतो आणि आत दिवसाच्या अपूर्णांकात साठवतो. तुमचा एक मिनिट त्याच्या लेखी एक तास, म्हणजे दिवसाचा चोविसावा भाग होतो, आणि दर २४ पट येतो. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. दशांशाची चूक जास्त घातक, कारण सरासरी काढली की ती लपून जाते.

शेवटच्या ओळींचं काय करायचं?

० मिनिटाला मागचं रीडिंग नाही, ४० ला पुढचं नाही. इथं बहुतेक जण ० ते ५ चा दर, १.४, शून्यासमोर लिहून मोकळे होतात. तो अडीचाव्या मिनिटाचा दर आहे.

मध्याच्या नियमानं पुढे जाऊ. अडीचला १.४, साडेसातला १.३. पाच मिनिटांत ०.१ उतरला, तर अडीच मिनिटं मागे गेल्यावर ०.०५ चढेल. म्हणून शून्याला १.४५. पुस्तकात तीन बिंदूंचं जे सूत्र दिलेलं असतं, ज्यात पहिल्या रीडिंगला उणे ३, दुसऱ्याला ४ आणि तिसऱ्याला उणे १ गुणतात, ते हेच आहे.

पण या उत्तरावर मी मधल्या उत्तरांइतका विश्वास ठेवणार नाही, आणि कारण त्या ३, ४, १ या गुणकांतच आहे. प्रत्येक रीडिंगची पाव अंशाची चूक तितक्या पट होते, बेरीज ८ पट, म्हणजे २ अंश, आणि भागतो १० नं. चूक ०.२ पर्यंत. मधल्या फरकात ती ०.०५ होती. टोकाला जाण्याची किंमत चौपट. अवधी वाढवून ०, १० आणि २० ची रीडिंग घेतली तर दर १.५२ च्या आसपास येतो आणि रीडिंगची चूक ०.१ वर येते. वाकाची थोडी वाढते, तरी या तक्त्यासाठी मी हाच आकडा घेईन.

खरा उपाय टेबलावर करायचा असतो. ज्या वेळेचा दर हवा आहे ती तक्त्याच्या टोकाला येऊ देऊ नका. ८० अंशाचा दर हवा असेल तर पाणी ८५ च्या पुढे तापवा आणि घड्याळ आधी सुरू करा. मग ८० हे मधलं रीडिंग होतं आणि ही सगळी कसरत वाचते.

दर बरोबर आलेत हे ताडायचं कसं?

न्यूटनच्या नियमाप्रमाणे दर हा पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. तेव्हा प्रत्येक दर त्या वेळच्या फरकानं भागा. सगळीकडे जवळपास एकच आकडा यायला हवा. पहिल्या टेबलाच्या तक्त्यात, मधल्या फरकानं काढलेले दर घेऊन:

| वेळ | दर | खोलीपेक्षा जास्त | भागाकार |
|---|---|---|---|
| ५ | १.३५ | ४५.० | ०.०३० |
| १० | १.२० | ३८.५ | ०.०३१ |
| १५ | १.०० | ३३.० | ०.०३० |
| २० | ०.८५ | २८.५ | ०.०३० |
| २५ | ०.७५ | २४.५ | ०.०३१ |
| ३० | ०.६५ | २१.० | ०.०३१ |
| ३५ | ०.५५ | १८.० | ०.०३१ |

दुसऱ्या वाटेनंही बघता येतं, जिथं शेजारच्या फरकांचा संबंधच येत नाही. सुरुवातीला पाणी खोलीपेक्षा ५२ अंशांनी गरम होतं, ४० मिनिटांनी साडेपंधरा अंशांनी. त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम १.२१; भागिले ४०, ०.०३०. तो ३८.५ नं गुणला तर १० व्या मिनिटाचा दर १.१७ च्या आसपास येतो. आपला १.२, ०.०५ ची चूक धरून, त्यात बसतो. १.० आणणाऱ्या पहिल्या मुलाला आणि १.३ आणणाऱ्या तिसऱ्याला मी हाच तक्ता दाखवला.

भागाकाराचा रकाना एका दिशेनं सरकत असेल तर मात्र वजाबाक्या तपासत बसू नका, प्रयोगाकडे वळा. वरच्या तापमानाला भागाकार मोठा आणि खाली येता-येता लहान होत असेल, तर झाकण उघडं होतं का ते विचारा. गरम पाण्याची वाफ उष्णता घेऊन जाते, आणि ही गळती तापमानाच्या फरकापेक्षा जास्त वेगानं वाढते. उलट खालच्या तापमानाला भागाकार वाढत जात असेल, तर खोलीचं तापमान जास्त धरलंय. याच तक्त्यात २८ ऐवजी ३० धरून बघा: ५ व्या मिनिटाला ०.०३१ येतो, ३५ व्याला ०.०३४. अशा वेळी खोलीतला थर्मामीटर कुठं टांगला होता ते बघायचं. आमच्याकडे तो एकदा बर्नरच्याच टेबलावर होता.